मेसेज आधी मुलीला, मग बापाला

आठवडाभर एकच पत्रक फोनवर तीन-चार ठिकाणांहून येऊन पडलंय. पश्चिम उपनगरातल्या एका मुलींच्या वसतिगृहाच्या रेक्टर मॅडमनी विद्यार्थिनींना आणि पालकांना पाठवलेलं. भाषा नेहमीची सरकारी, "सर्व विद्यार्थिनी व पालकांना कळविण्यात येते की" वगैरे. मतलब एवढाच की गेटवर आता अंगठ्याचं मशीन बसलंय, रात्री 10:30 पर्यंत ज्या मुलीची आत आल्याची नोंद होणार नाही तिच्या पालकांच्या मोबाईलवर आपोआप मेसेज जाईल, आणि शेवटी एक ओळ, "माहितीची गोपनीयता पूर्णपणे राखली जाईल." झालं, यावरून जे रण पेटलंय ते बघून डोकं धरायची वेळ आली. एक बाजू म्हणते मुली मोकाट सुटल्यात, हे आधीच करायला हवं होतं. दुसरी बाजू म्हणते ही हुकूमशाही आहे, तुरुंग आहे, हजेरीच नको. मशीन नेमकं काय मोजतं आणि तो मेसेज वाचून परभणीतला बाप 10:31 ला नेमकं काय करणारे, हे कोणीच विचारत नाहीये.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. वसतिगृहाला रात्री कोण आत आलं आणि कोण नाही हे कळलं पाहिजे, त्याला माझा विरोध नाही. पण तो मेसेज पहिल्यांदा त्या मुलीलाच गेला पाहिजे, मग वसतिगृहातल्या जिवंत माणसाला, आणि पालकांना सगळ्यात शेवटी, तोही मेसेज नाही, फोन. यात मुलीची प्रायव्हसी राखली जाते हे खरंच, पण सुरक्षाही असंच केलं तरच जास्त मिळते, आणि माझा मुख्य मुद्दा सुरक्षेचाच आहे.

आता समोरच्यांचं जे खरं आहे ते मान्य करू. जुनं रजिस्टर आठवा, गेटवरच्या टेबलावर उघडं पडलेलं, दोरीने बांधलेलं पेन. नाव, खोली नंबर, कुठे जाणार, कोणाबरोबर, मोबाईल नंबर, सगळं रकान्यात. कुरिअरवाला येऊन सही करताना आख्खं पान वाचून जायचा, कोणाला काही वाटायचं नाही. प्रायव्हसीच्या नावाने आज जे गळा काढतायत त्यातल्या कितीजणांनी त्या रजिस्टरवर कधी तोंड उघडलं होतं? तेव्हा मशीन आलं म्हणजे प्रायव्हसी गेली असं नाही, उलट रजिस्टरपेक्षा ते बरंच झाकलेलं असू शकतं. शिवाय मशीन तोंड बघून काम करत नाही. वॉचमनच्या ओळखीची मुलगी सव्वाअकराला हसत आत आणि नवीन आलेली बिचारी दहा वाजून पाच मिनिटांनी गेटवर रडतेय, हे प्रकार सगळ्यांनी पाहिलेत. आणि अडीचशे मुलींमागे एक रेक्टर आणि रात्रपाळीच्या दोन मावशी असताना कोण आलं कोण नाही हे लक्षात ठेवणं माणसाच्या आवाक्याबाहेरचं आहे. पालकांची भीती पण खोटी नाही, लातूर-नांदेड-चंद्रपूरहून पोरगी पहिल्यांदा मुंबईत पाठवताना आईच्या पोटात गोळा येतो, त्याला "मागासलेले विचार" म्हणून झटकून टाकणं हा शहरी माज झाला.

पण हे सगळं मान्य केल्यावर आता मशीनकडे बघू. बऱ्याच ठिकाणी खर्च वाचवायला गेटवर एकच मशीन लावतात, आत जाताना पण तेच आणि बाहेर पडताना पण तेच. आता त्या मशीनला तुम्ही कुठल्या दिशेला चाललाय हे कुठे दिसतं? त्याला फक्त अंगठा आणि वेळ कळते. मग सॉफ्टवेअर काय करतं तर आळीपाळीने धरतं, पहिला अंगठा बाहेर, दुसरा आत, तिसरा बाहेर, चौथा आत. जोपर्यंत प्रत्येकजण प्रत्येक वेळी अंगठा लावतोय तोपर्यंत ठीक.

आता एक दिवस घ्या. मुलगी सकाळी 7 ला कॉलेजला निघाली, अंगठा लावला, मशीन म्हणालं बाहेर. बरोबर. दुपारी 1 ला चौघीजणी एकत्र आल्या, पहिलीने अंगठा लावला, दार उघडलं, बाकीच्या तिघी तिच्या मागून आत शिरल्या कारण उन्हात कोण थांबणार. आपली मुलगी त्या तिघींतली. मशीनच्या लेखी ती अजून बाहेरच आहे. संध्याकाळी 5 ला क्लासला निघताना तिने इमानदारीत अंगठा लावला, मशीनने हिशेब केला की आत्ता आत आली. रात्री 9:40 ला, वेळेच्या पन्नास मिनिटं आधी, ती परत आली, अंगठा लावला, मशीन म्हणालं बाहेर गेली. 10:30 ला प्रोग्राम चालला, ज्यांची शेवटची नोंद "बाहेर" आहे त्यांची यादी काढली आणि 10:31 ला तिच्या वडिलांना मेसेज गेला. तोपर्यंत पोरगी केस धुवून, फोन सायलेंटवर चार्जिंगला लावून, मैत्रिणीच्या खोलीत मॅगी खातेय. वडील दहा वेळा फोन करतात, ती उचलत नाही, त्या घरात त्या रात्री काय होतं हे मी लिहायला नको. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच. नियम पाळून लवकर आलेल्या मुलीवर संशय, आणि तोही दुपारी मैत्रिणीच्या मागून दारात शिरल्याबद्दल.

ही झाली कळणारी चूक, निदान दुसऱ्या दिवशी तरी उलगडा होतो. पण तीच गोष्ट थोडी बदलून बघा. दुपारपर्यंत सगळं तसंच, 5 ला ती बाहेर पडली, मशीन म्हणालं आत आली, आणि समजा त्या रात्री ती परतच आली नाही. रस्त्यात काहीतरी झालं. 10:30 ला यादी निघते, त्यात तिचं नाव नाही, कारण मशीनच्या मते ती 5 वाजल्यापासून खोलीत आहे. कोणालाच मेसेज जात नाही. रेक्टर मॅडम स्क्रीनवर बघतात, सगळ्या आत, दिवा मालवून झोपतात. ज्या एका रात्रीसाठी हा सगळा खटाटोप केला त्याच रात्री मशीन गप्प. पूर्वी मावशी खोलीखोलीत जाऊन हजेरी घ्यायच्या, आता मशीन आलंय म्हटल्यावर ती फेरी बंद झाली, म्हणजे होतं तेही गेलं. यावर वाद घालणाऱ्यांपैकी एकानेही विचारलं का की मशीन एक आहे की दोन?

बाकीच्या बारीकसारीक भानगडी वेगळ्याच. मेंदी लावलेला हात मशीनला ओळखू येत नाही, पावसात भिजलेलं बोट घेत नाही, लाईट गेली की नोंदी मशीनमध्येच अडकून राहतात आणि इंटरनेट आल्यावर तासाभराने वर जातात. साधं गणित करू. अडीचशे मुली, दिवसाला सरासरी चार वेळा गेट ओलांडतात असं धरा, म्हणजे हजार नोंदी. शंभरात एक चुकली असं धरलं, जे फारच उदार आहे, तरी रोज दहाएक मुलींचा हिशेब उलटा बसला. खरोखर काळजी करावी अशी रात्र वर्षातून एखादी. म्हणजे पालकांना येणाऱ्या मेसेजमध्ये खोट्यांचा ढीग आणि त्यात कुठेतरी एक खरा. दोन महिन्यांत निम्मे पालक तो वाचणं सोडतील आणि उरलेले निम्मे प्रत्येक मेसेजला मुलीची उलटतपासणी घेतील. आता सांगा, यात पोरीची सुरक्षा कुठे आली?

आणि हे मुंबईत चाललंय हे विसरू नका. इथे उशीर होणं ही चूक नाही, हवामान आहे. रविवारचा मेगाब्लॉक, सिग्नल बिघाड, रुळांवर पाणी. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा लाखो माणसं ऑफिसात, ट्रेनमध्ये, पुलाखाली अडकली होती आणि फोनही लागत नव्हते. तेवढं नको, दर पावसाळ्यात दोन-चार संध्याकाळी गाड्या रखडतातच. अशा रात्री साठ मुली एकदम उशिरा येणार, साठ घरांत 10:31 ला एकदम मेसेज वाजणार आणि साठ बाप वसतिगृहाच्या एकाच नंबरवर तुटून पडणार. रेक्टर मॅडमनी त्या अर्ध्या तासात मुलींना फोन लावायचे की बापांचे फोन घ्यायचे? ज्या मुलीला खरंच मदत हवी तिचा फोन त्या गर्दीत लागणारच नाही.

म्हणून मी म्हणतो की मेसेज अशा माणसाला जावा ज्याला काहीतरी करता येतं. परभणीतल्या बापाला काय करता येतं? मुलीला फोन करणं, तिने नाही उचलला तर रेक्टरला फोन करणं. म्हणजे जे काम रेक्टरने थेट करायचं तेच पाचशेएक किलोमीटर फिरून परत रेक्टरकडेच येतं, फक्त वाटेत एक घर हादरवून. "पण आधी मुलीला विचारत बसलात तर खऱ्या संकटात तेवढा वेळ वाया जाणार" हा आक्षेप मी ऐकलाय आणि तो बिनबुडाचा नाही. पण वेळ दोन्हीकडे जातोच की, बापाच्या मार्गाने जास्त जातो. आणि खऱ्या संकटात 10:30 ची वाट कशाला बघायची, मुलीकडे रात्रपाळीच्या मावशींचा थेट नंबर हवा आणि तो रात्री उचलला गेला पाहिजे.

उशीर म्हणजे धोका आणि आत म्हणजे सुरक्षित, हे समीकरणही मुंबईनेच खोटं ठरवलंय. जून 2023 मध्ये चर्नी रोडजवळच्या सरकारी मुलींच्या वसतिगृहात एका विद्यार्थिनीचा तिच्या खोलीतच खून झाला, आणि पोलिसांच्या म्हणण्यानुसार संशयित तिथेच काम करणारा सुरक्षारक्षक होता. मुलगी आतच होती. कुठल्याही गेटच्या मशीनने त्या रात्री "सर्व ठीक" असंच दाखवलं असतं. ज्यांना सुरक्षेची खरी चाड आहे त्यांनी मजल्यावर कोण राहतं, कामाला ठेवलेल्यांची चौकशी कोण करतं, मुलींनी केलेली तक्रार कुठे जाते, हे विचारायला हवं. पण त्याला कष्ट पडतात आणि मशीनला फक्त टेंडर लागतं.

दुसरी गोष्ट, माणसं नियमाशी वागतात तशी वागतात, आपल्याला हवं तशी नाही. मुंबईला हे चांगलं ठाऊक असायला हवं. 1896 च्या सप्टेंबरात इथे प्लेग आला तेव्हा सरकारचा हेतू वाईट नव्हता, रोगी शोधायचा, वेगळा ठेवायचा. पण घरात घुसून झडत्या, रोग्याला जबरदस्तीने हलवणं, याचा परिणाम काय झाला? लोकांनी आजारी माणसं लपवायला सुरुवात केली, आणि ऑक्टोबरात गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या हॉस्पिटलवर हल्ला केला. ज्यांना शोधायचं होतं तेच दिसेनासे झाले. वसतिगृहात रोग नाही आणि रेक्टर म्हणजे गोरा साहेब नाही, एवढं मलाही कळतं, पण हिशेब तोच आहे. जिच्या घरी मेसेज गेला तर शिक्षण बंद होईल अशी मुलगी 10:50 ला अंधेरी स्टेशनवर उभी आहे असं धरा. आत गेली काय, न गेली काय, मेसेज तर 10:31 लाच गेलाय. उद्या घरी सांगायला तिला काहीतरी गोष्ट लागणार, आणि "अकराला परत आले" यापेक्षा "मैत्रिणीच्या घरी अभ्यासाला थांबले, फोन बंद पडला" ही गोष्ट घरात जास्त खपते. मग ती रात्रभर बाहेरच राहणार. उशिरा येणाऱ्या मुलीला आत आणायचं होतं, नियमाने तिला बाहेर ठेवलं.

"फी आम्ही भरतो, आम्हाला कळायलाच हवं." हे वाक्य मी सगळ्यात जास्त ऐकतोय. फी भरल्याने मुलीवर मालकी येत नाही हो. 18 पूर्ण झाली की ती कायद्याने सज्ञान, मतदान करते, लग्न करू शकते. 2018 च्या मार्चमध्ये केरळच्या हादिया प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं, सज्ञान मुलीने कोणाबरोबर राहायचं हे बाप ठरवू शकत नाही. 2017 च्या ऑगस्टमध्ये नऊ न्यायाधीशांनी एकमताने प्रायव्हसी हा मूलभूत हक्क मानला, तेव्हापासून निदान सरकारी वसतिगृहाला तरी "का" आणि "एवढंच पुरे नाही का" या दोन प्रश्नांची उत्तरं द्यावी लागतात. यूजीसीची गंमत बघा, 2015 च्या सुरक्षेच्या मार्गदर्शक सूचनांत वसतिगृहात बायोमेट्रिक हजेरी लावा म्हणाले, आणि 2016 च्या लैंगिक छळविरोधी नियमांत म्हणाले की सुरक्षेचं कारण सांगून मुलींच्या वसतिगृहांना मुलांपेक्षा वेगळे जाचक नियम लावू नका. पहिलं सगळ्यांनी वाचलं, दुसरं कोणी वाचलंच नाही. हे पत्रक पाठवणाऱ्या संस्थेचं मुलांचंही वसतिगृह आहे, तिथे असं मशीन आहे का? केरळात कोझिकोडच्या मेडिकल कॉलेजच्या मुली रात्री 9:30 च्या बंदीविरोधात हायकोर्टात गेल्या तेव्हा प्रश्न हाच होता, आणि 2022 च्या डिसेंबरात तिथल्या सरकारला मुलं-मुलींना एकच नियम लावावा लागला.

वसतिगृह कोणाला बांधील, राहणाऱ्या मुलीला की तिच्या पालकाला, हा वाद या शहरातल्या मुलींच्या वसतिगृहांइतकाच जुना आहे. पंडिता रमाबाईंनी 1889 मध्ये चौपाटीला शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला गेलं, आणि 1893 मध्ये मुली बाईंच्या ख्रिस्ती प्रार्थनेला बसतात यावरून रानडे-भांडारकरांसारखे सल्लागार बाजूला झाले आणि बऱ्याच पालकांनी मुली काढून नेल्या. पालकांचा राग समजण्यासारखा होता, कारण धर्माच्या बाबतीत तटस्थ राहू असं आश्वासन त्यांना दिलेलं. पण रमाबाईंचं म्हणणं होतं की त्या कोणाला बोलावत नाहीत आणि येणारीला दार बंद करत नाहीत. त्या भांडणात मुलींना काय वाटतं हे विचारलेलं फारसं कुठे सापडत नाही. आजही पत्रक "विद्यार्थिनी व पालकांना" आहे, पण संमतीच्या फॉर्मवर सही फक्त पालकांची मागितलीय.

आता त्या शेवटच्या ओळीकडे येऊ, "गोपनीयता पूर्णपणे राखली जाईल." अशी ओळ लिहिणं म्हणजे काहीच न लिहिणं. कोणापासून? अंगठ्याची माहिती मशीनमध्ये राहते की कंपनीच्या सर्व्हरवर? यादी कोणाच्या फोनवर दिसते, रेक्टरच्या, ट्रस्टींच्या की गेटवरच्या वॉचमनच्या टॅबवर? किती महिने ठेवणार? मुलगी वसतिगृह सोडून गेली की पुसणार का? नोंद चुकली तर दुरुस्त कोणी करायची आणि तोपर्यंत गेलेल्या मेसेजचं काय? आणि एक अशी गोष्ट जी कोणाच्या डोक्यातच आलेली दिसत नाही. प्रवेशाच्या फॉर्मवर वडिलांचा जो नंबर दोन वर्षांपूर्वी लिहिला तो आज त्यांचाच आहे कशावरून? बंद केलेले नंबर कंपन्या काही महिन्यांनी दुसऱ्याला देतात. म्हणजे कुठल्यातरी अनोळखी पुरुषाच्या मोबाईलवर मुलीचं पूर्ण नाव, वसतिगृहाचं नाव, आणि ती रात्री साडेदहाला बाहेर आहे ही बातमी. आपोआप. हा सुरक्षेचा मेसेज म्हणायचा? 2023 चा डेटा संरक्षणाचा कायदा आहे, त्याचे नियम 2025 च्या नोव्हेंबरात आले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू होतायत, त्यात सज्ञान व्यक्तीच्या माहितीवरची संमती तिची स्वतःची आणि नेमक्या कामापुरती लागते. अकरावी-बारावीच्या, 18 खालच्या मुलींचा मामला वेगळा, तिथे पालकांची संमती लागते आणि त्यांना आधी कळवणं रास्तच आहे. पण एकाच पत्रकात सोळा वर्षांची आणि तेवीस वर्षांची एमएस्सी करणारी एकाच दावणीला बांधायची, हे आळसाचं लक्षण.

मग करायचं काय? आत यायला एक आणि बाहेर जायला एक अशी दोन वेगळी मशीनं, म्हणजे एक अंगठा चुकला तरी पुढचा हिशेब उलटा होत नाही. 10:30 ला यादी रेक्टर आणि मावशींच्या स्क्रीनवर. त्याच वेळी मेसेज मुलीला, "तुझी नोंद बाहेर दिसतेय, कुठे आहेस, किती वेळ लागेल?" तिने "ट्रेन थांबलीय, सव्वाअकरा" कळवलं की विषय संपला, ती आली की मावशी दार उघडतील, कारण न विचारता. वीस मिनिटं उत्तर नाही आलं तर मावशी खोलीचं दार वाजवतील आणि मैत्रिणींना विचारतील, निम्म्या वेळा ती तिथेच सापडेल. तरीही पत्ता नाही लागला तर सव्वाअकराला रेक्टर स्वतः फोन करतील, मुलीने नाव दिलेल्या माणसाला. तो बाप असेल, आई असेल, मुलुंडची मावशी असेल, ते तिने ठरवायचं. तिथूनही काही कळलं नाही तर 112.

मेसेजचे शब्दही आत्ताच ठरवावे लागतील, कारण असे आपोआप जाणारे एसएमएस आधी मजकूर नोंदवून मंजूर करून घ्यावे लागतात, रोज बदलता येत नाहीत. "विनापरवानगी बाहेर" असं एकदा मंजूर झालं की लोकल बंद पडलेल्या मुलीलाही तेच लागणार. मी तरी "प्रवेशाची नोंद दिसत नाही" एवढंच ठेवेन.

आणि हे सगळं चालू करण्याआधी दोन आठवडे मेसेज कोणालाच पाठवू नका. मशीन चालू ठेवा, रोज 10:30 ची यादी छापा आणि मावशींनी पूर्वीसारखी खोलीखोलीत जाऊन घेतलेल्या हजेरीशी ताडून बघा. मशीनने बाहेर दाखवलेल्या किती आत निघाल्या, आणि त्याहून महत्त्वाचं, मशीनने आत दाखवलेली कोण खोलीत नव्हती. हे दोन आकडे रेक्टर मॅडमनी पुढच्या पत्रकात लिहावेत, आणि दुसरा आकडा शून्य नसेल तर मावशींची फेरी बंद करू नये.